"वजन चुकतंय, अर्जंट": बग, स्टोरी आणि टास्कच्या तिकिटांना वेगवेगळे टेम्प्लेट का लागतात

"धरणगाव. पावतीवर वजन चुकतंय. अर्जंट."

कापसाचा हंगाम भरात असताना सॉफ्टवेअरच्या टीमकडे येणारं तिकीट बहुतेक वेळा एवढंच असतं. लिहिणाऱ्याला वाटतं, सगळं सांगून झालं. वाचणाऱ्याला यातून फक्त गाव कळतं.

समजा, जळगावात सहा-सात जणांची एक टीम आहे आणि ती जिनिंगच्या काट्यासाठी सॉफ्टवेअर बनवते. धरणगाव, चोपडा, पारोळा, शिरपूर अशा ठिकाणच्या जिनिंगमध्ये ते चालतं. कापसाची गाडी आली की आधी भरलेली गाडी काट्यावर चढते. ते भरलेलं वजन. कापूस खाली झाला की तीच गाडी रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते. ते रिकामं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ वजन, आणि शेतकऱ्याचे पैसे त्यावर ठरतात. काट्याचा इंडिकेटर केबलने कॉम्प्युटरला जोडलेला असतो. दिवाणजींनी "वजन घ्या" हे बटण दाबलं की इंडिकेटरवरचा आकडा पावतीत येतो.

आता वरचं तिकीट पुन्हा वाचा. कोणतं वजन चुकलं? भरलेलं, रिकामं की वजाबाकी? इंडिकेटरवरच चुकीचा आकडा होता की इंडिकेटर बरोबर होता आणि पावती चुकली? एकाच गाडीचं झालं की सगळ्यांचं? डेव्हलपर यातला एक प्रश्न तिकिटाखाली लिहितो. सपोर्टचा मुलगा दिवाणजींना फोन लावतो. दिवाणजी काट्यावर, बाहेर गाड्यांची रांग, फोन कोण उचलणार? दुपारी उत्तर येतं, मग दुसरा प्रश्न जातो. दोन दिवस असे निघून जातात आणि तोवर कोडची एक ओळही कोणी उघडून पाहिलेली नसते.

टेम्प्लेट म्हणजे हे प्रश्न तिकीट उघडतानाच समोर मांडून ठेवणं. कल्पना एवढीच. खरी मेख आहे ती कोणत्या तिकिटाला कोणते प्रश्न विचारायचे यात. तिन्ही प्रकारांना एकच लांबलचक फॉर्म लावला की तो कोणीच नीट भरत नाही.

तीन प्रकार, तीन वेगळ्या गरजा

बग म्हणजे जे चालायला हवं ते चालत नाही. इथे डेव्हलपरला ती गोष्ट स्वतःच्या टेबलावर पुन्हा घडवून पाहायची असते. म्हणून प्रश्न घडलेल्या घटनेबद्दलचे हवेत: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

स्टोरी म्हणजे वापरणाऱ्याला हवी असलेली, पण अजून नसलेली सोय. इथे काही घडलेलंच नसतं, त्यामुळे "काय केलं होतं" हा प्रश्न निरर्थक ठरतो. कोणाला हवं आहे, कशाला हवं आहे, आणि ते तयार झालं हे कशावरून ओळखायचं, हे विचारावं लागतं.

टास्क म्हणजे टीमचं आपलं काम: सर्व्हर हलवणं, बॅकअप तपासणं, जुनी लायब्ररी बदलणं. ग्राहकाला याचा पत्ताही नसतो. इथे काम कुठे संपतं आणि बिघडलं तर मागे कसं फिरायचं, हे लिहिलेलं पुरतं.

सर्वात जास्त वेळ खाणारा प्रकार बगचा आहे, म्हणून तोच सविस्तर पाहू.

धरणगावच्या तिकिटाचं काय झालं

बगच्या टेम्प्लेटमध्ये काय असावं याबद्दल फारसा वाद नाही. २००८ साली अपाचे, इक्लिप्स आणि मोझिला या प्रकल्पांतल्या डेव्हलपरना आणि बग कळवणाऱ्यांना विचारून एक अभ्यास झाला होता. डेव्हलपरना सर्वाधिक उपयोगी पडणाऱ्या माहितीत बग पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या अग्रभागी होत्या. आणि नेमकी जी माहिती सर्वात उपयोगी, तीच देणं कळवणाऱ्यांना अवघड जातं, असंही त्यात दिसलं. टेम्प्लेटचं खरं काम या दरीत आहे. "पायऱ्या लिहा" असा मथळा टाकून ती दरी भरत नाही. माणसाला आठवेल अशा पद्धतीने प्रश्न विचारावा लागतो.

आपल्या टीमने बगसाठी हे प्रश्न ठरवले असं धरू:

ग्राहकाने सांगितलेले शब्द, जसेच्या तसे. पावती नंबर, आणि आधीच्या पावतीचाही नंबर. पावतीवर काय आलं. काय यायला हवं होतं, आणि ते कशावरून म्हणता. त्याआधीच्या दहा मिनिटांत काट्यावर काय काय झालं, क्रमाने. काम थांबलंय का.

पहिला प्रश्न बऱ्याच टेम्प्लेटमध्ये नसतो आणि मला तो सर्वात मोलाचा वाटतो. दिवाणजी फोनवर बोलले ते असं: "भाऊ, मांगनी गाडीनं वजन उनं." म्हणजे मागच्या गाडीचं वजन आलं. सपोर्टच्या मुलाने अहिराणीतलं बोलणं ऐकलं, मनात त्याचा सारांश केला आणि तिकिटावर लिहिलं, "वजन चुकतंय." सारांश खोटा नाही, पण निदान ज्यात होतं ते नेमकं गळून पडलं. दिवाणजींनी नुसती तक्रार केली नव्हती. आकडा कुठून आला तेही त्यांनी सांगून टाकलं होतं. अहिराणी, मराठी, हिंदी, जे कानावर पडलं ते तसंच लिहायला एक जागा ठेवली की असा पुरावा हातचा जात नाही. शुद्धलेखन, व्याकरण यांची तिथे गरज नाही, आणि तसं टेम्प्लेटमध्ये स्पष्ट लिहावं. नाहीतर लोक "नीट" लिहायच्या नादात पुन्हा सारांशच लिहितात.

टेम्प्लेट भरून आलेलं तेच तिकीट आता असं दिसतं. ग्राहकाचे शब्द: मांगनी गाडीनं वजन उनं. पावती नंबर ४१२, आधीची ४११. पावतीवर काय आलं: भरलेलं वजन ४,६२० किलो. काय यायला हवं होतं: ३,८७० किलो, कारण दिवाणजींनी इंडिकेटरवर स्वतः ३,८७० वाचलं आणि वहीत टिपलं. आधी काय झालं: ४११ छापताना प्रिंटरचा कागद संपला, स्क्रीनवर एरर आली, कागद घातला, "पुन्हा छापा" दाबलं, ४११ नीट निघाली, मग पुढची गाडी घेतली आणि "वजन घ्या" दाबलं. काम थांबलंय का: खरेदी चालू आहे, वजन हाताने लिहितात.

डेव्हलपरने आधी डेटाबेसमध्ये ४११ उघडली. तिचंही भरलेलं वजन ४,६२० किलो. लागोपाठच्या दोन गाड्या किलोला किलो सारख्या भरणं हा योगायोग समजणं कठीण. म्हणजे आकडा बिघडलेला नव्हता, शिळा होता. इंडिकेटर बरोबर दाखवत होता, त्यामुळे काट्याच्या मेकॅनिकला बोलावण्याचा प्रश्नही मिटला. आता उरला एवढाच शोध, की प्रोग्रामने नवा आकडा वाचायचं कधी थांबवलं.

त्याचं उत्तर पायऱ्यांत होतं. टीमच्या ऑफिसात प्रिंटरमधला कागद काढून तोच क्रम करून पाहिला आणि बग पहिल्या फटक्यात दिसला. छपाईची एरर आली की केबलवरून वजन वाचणारा भाग बंद पडायचा आणि "पुन्हा छापा" दाबल्यावर तो परत सुरूच व्हायचा नाही. स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच गोठून राहायचा आणि "वजन घ्या" दाबलं की तोच उचलला जायचा. दुरुस्ती दोन ठिकाणी झाली. एररनंतर वाचन पुन्हा सुरू केलं, आणि दोन सेकंदांपेक्षा जुना आकडा पावतीत घ्यायचाच नाही असा नियम घातला. दुसरी दुरुस्ती महत्त्वाची, कारण उद्या केबल सैल झाली तरी शिळं वजन छापलं जाणार नाही, दिवाणजींना सूचना दिसेल.

फरक होता ७५० किलोचा, म्हणजे साडेसात क्विंटलचा. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला तर एका गाडीमागे ५२,५०० रुपये. इथे जिनिंगचं नुकसान होत होतं. गाड्यांचा क्रम उलटा असता तर शेतकऱ्याचं झालं असतं, आणि त्याने वही थोडीच ठेवली असती.

या उदाहरणात "कशावरून म्हणता" हा छोटा प्रश्नही लक्षात घ्या. दिवाणजींनी इंडिकेटर वाचला होता म्हणून प्रोग्रामवर बोट ठेवता आलं. तेच "गाडी दिसायला हलकी होती" असं उत्तर असतं तर शोध काट्यापासून सुरू करावा लागला असता. नुसतं "अपेक्षित निकाल" असं लिहिलं की लोक "बरोबर वजन यावं" असं भरतात, आणि ते खरं असूनही कुणाच्या कामाचं नसतं.

"किती अर्जंट?" हे विचारू नका

बगच्या टेम्प्लेटमध्ये प्राधान्याचा रकाना हटकून असतो: अतिमहत्त्वाचं, महत्त्वाचं, मध्यम, कमी. हंगामात हा रकाना मेलेला असतो. प्रत्येक जण पहिला पर्याय निवडतो, आणि त्याच्या जागी तो बरोबरही असतो, कारण त्याच्यासमोर उभा असलेला माणूस त्याच्यावर ओरडत असतो.

म्हणून मत विचारण्याऐवजी वस्तुस्थिती विचारावी. खरेदी बंद आहे का? हाताने लिहून चालू आहे का? की काम चालू आहे, नुसता त्रास होतोय? याचं उत्तर देताना फार ताणता येत नाही, आणि तीन जिनिंगची तीन तिकिटं शेजारी ठेवली की कोणतं आधी घ्यायचं ते टीमला ठरवता येतं. प्राधान्य ठरवणं हे टीमचं काम आहे, तिकीट लिहिणाऱ्यावर ते ढकलू नये.

हे टूलमध्ये बसवायचं कसं

गिटहब वापरत असाल तर रिपॉझिटरीत `.github/ISSUE_TEMPLATE/` असा फोल्डर करायचा आणि प्रत्येक प्रकारासाठी एक फाइल ठेवायची. ती फाइल मुख्य ब्रँचवर असावी लागते. दुसऱ्या ब्रँचवर ठेवून "टेम्प्लेट दिसत कसं नाही" म्हणत बसलेले लोक कमी नाहीत. बगची फाइल थोडक्यात अशी:

```yaml
name: बग
description: चालायला हवं ते चालत नाही
labels: ["bug"]
body:
  - type: textarea
    id: raw_words
    attributes:
      label: ग्राहकाचे शब्द, जसेच्या तसे
      description: अहिराणी, हिंदी, काहीही चालेल.
    validations:
      required: true
  - type: textarea
    id: before
    attributes:
      label: आधीच्या दहा मिनिटांत काय झालं, क्रमाने
      placeholder: गाडी आली, वजन घेतलं, पावती छापली...
  - type: dropdown
    id: work
    attributes:
      label: काम थांबलंय का?
      options:
        - खरेदी बंद आहे
        - हाताने लिहून चालू आहे
        - काम चालू आहे, त्रास होतो
```

बाकीचे रकाने याच पद्धतीने वाढवायचे. तीन-चार ठिकाणी ठेच लागते, ती सांगून ठेवतो.

नमुन्याचं वाक्य `placeholder` मध्ये लिहिलं तर ते फिकट दिसतं आणि तिकिटात जात नाही. तेच `value` मध्ये लिहिलं तर ते आधीच भरलेलं असतं आणि कोणी हात लावला नाही तर तसंच तिकिटात उतरतं. मग दहा तिकिटांत तीच "गाडी आली, वजन घेतलं" ही ओळ येते आणि डेव्हलपर ती खरी घटना समजून शोधत बसतो. उदाहरणं नेहमी `placeholder` मध्ये.

`labels` मध्ये लिहिलेलं लेबल रिपॉझिटरीत आधीपासून असावं लागतं. नसेल तर ते आपोआप तयार होत नाही, आणि काही एररही येत नाही. तिकीट बिनलेबलचं जन्माला येतं.

`required: true` ही सक्ती सार्वजनिक रिपॉझिटरीपुरती असल्याचं गिटहबच्या माहितीपत्रातच लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या बहुतेक टीमचा कोड खासगी रिपॉझिटरीत असतो. म्हणून फाइल चढवल्यावर रिकामा फॉर्म स्वतः सबमिट करून बघा. तो गेला, तर सक्तीवर विसंबता येणार नाही हे आधीच कळेल. रिकाम्या सोडलेल्या रकान्याखाली तिकिटात `_No response_` असं उमटतं, आणि तेही एका अर्थी उपयोगी आहे, त्याकडे पुढे येऊ.

गिटलॅबमध्ये हाच प्रकार साध्या मार्कडाउन फाइलने होतो. `.gitlab/issue_templates/Bug.md` या फाइलमध्ये प्रश्न लिहायचे आणि शेवटी `/label ~bug` अशी ओळ टाकली की लेबलही लागतं. तिथे वेगळे रकाने नसतात, एकच मजकूर असतो, त्यामुळे माणूस मधला प्रश्न पुसूनही टाकू शकतो. छोट्या टीमला तेवढं चालतं. दुसऱ्या कुठल्या टूलमध्ये काम करत असाल तरी प्रश्न हेच राहतात, बसवायची जागा बदलते.

स्टोरी: वाक्यापेक्षा उदाहरण

स्टोरीच्या टेम्प्लेटमध्ये बहुतेक ठिकाणी एक ठरलेलं वाक्य असतं: "अमुक म्हणून मला तमुक हवं, म्हणजे ढमुक होईल." २००१ च्या सुमारास लंडनच्या कनेक्स्ट्रा या कंपनीतल्या टीमने रूढ केलेला हा साचा. तो वाईट नाही, कारण कोणाला आणि कशासाठी हे दोन्ही त्यात विचारलं जातं. पण लोक तो मंत्रासारखा भरतात. "दिवाणजी म्हणून मला ओलाव्याची वजावट हवी, म्हणजे वजावट होईल." वाक्य पूर्ण, माहिती शून्य.

त्यापेक्षा साधे प्रश्न बरे. हे कोण वापरणार? आज ते काम कसं करतात? त्यात काय अडतं? आणि चौथा, ज्यावर सगळा भर द्यावा असा: खऱ्या आकड्यांची किमान तीन उदाहरणं द्या, त्यातलं एक अवघड.

हीच ओलाव्याची स्टोरी घेऊ. कापसाचा हमीभाव ८ टक्के ओलावा धरून असतो. सीसीआय ही कापूस खरेदी करणारी सरकारी संस्था त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याप्रमाणे रक्कम कापते आणि १२ च्या वर कापूस घेत नाही. खासगी जिनिंगचे नियम आपापले असतात. समजा एका जिनिंगचा नियम आहे, ८ च्या वर प्रत्येक टक्क्याला एक टक्का वजन कमी धरायचं. ऐकायला सोपा आहे. आता उदाहरणांचा रकाना भरा.

पहिलं: निव्वळ वजन १,८४० किलो, ओलावा ८. वजावट काही नाही. दुसरं: तेवढंच वजन, ओलावा १०. दोन टक्के, म्हणजे ३६.८० किलो. तिसरं, अवघड: ओलावा ९.४. आता काय? १.४ टक्के धरले तर २५.७६ किलो. वरचा अपूर्णांक सोडला तर १८.४० किलो. पुढचा पूर्ण टक्का धरला तर ३६.८० किलो. खालच्या आणि वरच्या हिशोबात १८.४० किलोचा फरक पडतो, ७,००० भावाने १,२८८ रुपये. हे डेव्हलपरने परस्पर ठरवायचं काम नाही आणि टीममधल्या कुणीही नाही. ते जिनिंगच्या मालकांना विचारायला हवं, आणि कोड लिहायच्या आधी विचारायला हवं.

उदाहरण मागितलं नसतं तर हा प्रश्न कधी पुढे आला असता? एखाद्या शेतकऱ्याने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब करून पावती काउंटरवर आपटली असती तेव्हा. आणि मग तोच मुद्दा बग म्हणून नोंदला गेला असता, जरी कोडने सांगितलं तेच केलं होतं.

याच रकान्यातून आणखी दोन प्रश्न निघतात. ओलावा ७ आला तर शेतकऱ्याला वाढवून द्यायचं का? १३ आला तर पावती अडवायची की नुसती सूचना दाखवायची? उत्तरं तिकिटात लगेच नसली तरी चालतील. "अजून विचारायचं आहे" असा एक रकाना ठेवा आणि तिथे हे प्रश्न उघडे लिहून ठेवा. तो रिकामा झाल्याशिवाय स्टोरी कामाला घ्यायची नाही, एवढी शिस्त टीमने पाळली तर पुष्कळ.

स्टोरीचं टेम्प्लेट याहून लांब करू नये असं माझं मत आहे. रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये स्टोरीचे तीन भाग सांगितले होते: कार्ड, बोलणं आणि खात्री. कार्ड हे बोलण्याची आठवण करून देण्यापुरतं. फॉर्म इतका मोठा झाला की तो भरला म्हणजे बोलायची गरज संपली असं वाटू लागतं, तेव्हा स्टोरी बिघडायला सुरुवात झालेली असते. चोपड्याच्या जिनिंगमध्ये अर्धा तास बसून चहा घेताना जे कळतं ते कुठल्याही रकान्यात मावत नाही.

टास्क थोडक्यात

टास्कला तीन प्रश्न पुरतात. काय करायचं आणि आत्ताच का? झालं असं केव्हा म्हणायचं? बिघडलं तर मागे कसं यायचं?

यातला मधला प्रश्न लोक आळसाने भरतात. "रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप सुरू करणे" या टास्कला "बॅकअप सुरू झाला" असं उत्तर असेल तर ते काही सांगत नाही. "कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पावती ४१२ दिसली" असं असेल तर काम झालं हे कुणालाही तपासता येतं. "आत्ताच का" हा प्रश्न आपल्याकडे विशेष कामाचा, कारण दिवाळीच्या आसपास खरेदी जोर धरते आणि त्या काळात सर्व्हरला हात लावायचं टाळलेलं बरं. उत्तर "सुचलं म्हणून" असेल तर ते काम हंगाम उलटल्यावर करावं.

प्रश्न आणायचे कुठून, काढायचे केव्हा

इंटरनेटवर तयार टेम्प्लेट ढिगाने मिळतात. ब्राउझर कोणता, आवृत्ती कोणती, स्क्रीनचा आकार किती. धरणगावच्या काट्यावर एकच कॉम्प्युटर आहे आणि तो टीमनेच बसवला आहे, तिथे ब्राउझर विचारून काय मिळणार? तिथे प्रिंटर कोणता आणि इंडिकेटर कोणत्या कंपनीचा हे विचारायला हवं, आणि तेही जिनिंगच्या नोंदीत एकदाच लिहून ठेवलं तर प्रत्येक तिकिटात विचारायची गरज नाही.

आपले प्रश्न आपल्याच जुन्या तिकिटांत असतात. मागच्या हंगामातली बंद झालेली वीस-तीस तिकिटं उघडा. प्रत्येकाखाली डेव्हलपरने विचारलेला पहिला प्रश्न एका कागदावर उतरवा. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतील ते टेम्प्लेटमध्ये जातात, बाकीचे नाहीत. "आधीच्या पावतीचा नंबर" असा रकाना कुठल्याही तयार टेम्प्लेटमध्ये सापडणार नाही. तो असाच सापडतो.

उलट दिशेनेही पाहावं लागतं. टेम्प्लेट लागू करून महिनाभर झाला की `_No response_` कुठे जास्त उमटतंय ते बघा. एखादा रकाना बहुतेक तिकिटांत रिकामा असेल, किंवा त्यात नुसता एक टिंब, "NA" किंवा "माहीत नाही" असेल, तर दोनच शक्यता आहेत. एक तर लिहिणाऱ्याला ते माहीत असू शकत नाही, उदाहरणार्थ सपोर्टच्या मुलाला सर्व्हरचा लॉग विचारणं. मग तो रकाना काढा आणि लॉग आपोआप गोळा होईल असं करा. नाहीतर प्रश्नच कळत नाही. मग तो दिवाणजींच्या भाषेत पुन्हा लिहा. सक्ती लावून हा प्रश्न सुटत नाही, टिंबांची संख्या तेवढी वाढते.

चुकीचा प्रकार निवडला जाणं ही दुसरी खूण. "पावतीवर शेतकऱ्याचा मोबाइल नंबर येत नाही" असं बग म्हणून येतं, पण तो नंबर कधी यायचाच नाही, म्हणजे ती स्टोरी आहे. लिहिणाऱ्याला हा भेद कळावा अशी अपेक्षा ठेवू नये. बगच्या टेम्प्लेटमध्ये "हे आधी चालत होतं का? शेवटचं कधी?" एवढं विचारलं की "कधीच नव्हतं" हे उत्तर आल्यावर टीम स्वतः प्रकार बदलू शकते.

आणि भर दुपारी रांग लागलेली असताना कोणी सहा रकाने भरत बसणार नाही, हे गृहीत धरूनच चालावं. गिटहबच्या त्याच टेम्प्लेट-फोल्डरमधल्या `config.yml` मध्ये `blank_issues_enabled: false` लिहून कोरी तिकिटं बंद करता येतात, पण हंगामात एक वाट मोकळी ठेवणं शहाणपणाचं आहे. "नुसतं कळवतोय" असं चौथं टेम्प्लेट, त्यात दोनच रकाने: गाव, आणि ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे. संध्याकाळी काटा बंद झाल्यावर सपोर्टचा मुलगा दिवाणजींना निवांत फोन लावतो, "दादा, ती ४१२ नंबरची पावती, त्याच्या आधी काय झालं होतं?" असं विचारत बगचे बाकीचे रकाने भरतो आणि मगच ते तिकीट डेव्हलपरकडे जातं.